चाकातली हवा : एक यंत्र मोजते, दुसरे आठवते

चाकात हवा पुरेशी आहे की नाही हे पाहण्याची आपली जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे. सायकल असेल तर अंगठ्याने दाबून पाहायचे, आणि मोटार असेल तर बुटाच्या टोकाने एक हलकीशी लाथ मारायची. ट्रकवरचे क्लीनर लाकडी दांडक्याने टायर ठोकतात आणि आवाजावरून ओळखतात. जुळ्या चाकांपैकी एकात हवा नसली की आवाज बद्द येतो. दांडक्याची ही रीत पूर्ण बसलेल्या चाकासाठी अगदी चोख आहे. पण हवा थोडीशीच कमी असेल तर मात्र लाथ, अंगठा आणि दांडके ही तिन्ही फसतात.

फसतात याचे कारण आजच्या टायरच्या बांधणीत आहे. मोटारीचे हल्लीचे टायर रेडियल जातीचे असतात. त्यांच्या धावेखाली पोलादी तारांचा पट्टा असतो आणि बाजूची भिंत मात्र मऊ असते. त्यामुळे हवा अगदी बरोबर असली तरी हा टायर जमिनीजवळ थोडा फुगलेला दिसतोच. समजा कंपनीने दर चौरस इंचास ३३ पौंड हवा सांगितली आहे आणि चाकात २५ पौंडच उरली आहे. शेजारी शेजारी दोन चाके ठेवली तरी या दोहोंतला फरक चांगल्या जाणत्या माणसाला डोळ्यांनी सांगता येत नाही.

टायरला मात्र तो फरक चांगलाच कळतो. चाक फिरते तेव्हा जमिनीला टेकलेला भाग दर फेरीला वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. मोटारीचे मध्यम आकाराचे चाक एका किलोमीटरमध्ये पाचशेहून अधिक फेऱ्या घेते. म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना टायरची भिंत मिनिटाला साडेआठशेहून अधिक वेळा वाकते. हवा कमी असेल तर ती जास्त वाकते. लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की ती कशी तापते, हे शाळेतल्या मुलांनीही करून पाहिलेले असते. टायरचेही तसेच होते. तो आतून तापतो, रबराचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि मग एखाद्या क्षणी तो फाटतो. गावातल्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने ही गोष्ट बहुधा खपून जाते. पण मुंबई ते नागपूर हा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये शेवटच्या टप्प्यासह पुरा खुला झाला, आणि त्याच्या सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. अशा रस्त्यावर तास-दोन तास न थांबता गाडी हाकली की जी हवा गावात चालली ती तेथे चालत नाही.

म्हणून हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत हवेवर लक्ष ठेवणारी योजना असते. हवा कमी झाली की चालकासमोरच्या फलकावर एक पिवळा दिवा लागतो. त्यावरचे चित्र म्हणजे टायरचा आडवा छेद. पसरट वाटीत उद्गारचिन्ह ठेवल्यासारखे ते दिसते. दिवा सर्व गाड्यांत जवळजवळ एकच असला तरी त्यामागची यंत्रे मात्र दोन अगदी निराळ्या जातींची आहेत, आणि सगळा घोटाळा येथूनच सुरू होतो. एक जात हवा प्रत्यक्ष मोजते. दुसरी हवा मोजतच नाही. चाक पूर्वी कसे फिरत होते ते ती लक्षात ठेवते, आणि त्यावरून अंदाज करते. पहिलीला प्रत्यक्ष पद्धत म्हणतात, दुसरीला अप्रत्यक्ष.

प्रत्यक्ष पद्धतीत प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्व्हच्याच बुडाशी, काडेपेटीहून लहान अशी एक डबी बसवलेली असते. आपल्या बोलण्यात आता रुळलेला शब्द वापरायचा तर तिला सेन्सर म्हणू. तो चाकातल्या हवेचा दाब आणि उष्णता मोजतो आणि ते आकडे रेडिओ लहरींनी गाडीतल्या यंत्राकडे पाठवतो. तेव्हा या गाडीत चार लहानशी प्रक्षेपण केंद्रे सतत फिरत असतात असे म्हटले तरी चालेल. प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या चाकाचा आकडा आपल्या फलकावर येत नाही.

आता या फिरत्या डबीला वीज कोठून द्यायची? चाक फिरते आहे, तेथे तार नेता येत नाही. म्हणून सेन्सरच्या पोटात नाण्यासारखी चपटी लिथियमची बॅटरी घातलेली असते. तिचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. तिच्यात ३५० मिलिअँपिअर-तास इतका साठा आहे असे समजू. एवढ्या साठ्यावर एक वॅटचा लहानसा दिवा लावला तर तो जेमतेम तासभर जळेल. त्याच साठ्यावर सेन्सरने दहा वर्षे, म्हणजे ८७,६०० तास, काढावेत अशी अपेक्षा असते. भागाकार केला की उत्तर येते ते दर तासाला एका मिलिअँपिअर-तासाचा अडीचशेवा हिस्सा. इतक्या काटकसरीने संसार करायचा तर सारखे बोलून भागणार नाही. म्हणून गाडी उभी असते तेव्हा सेन्सर जवळजवळ झोपलेला असतो. गाडी ताशी वीस-तीस किलोमीटरच्या पुढे गेली की चाकाच्या गरगरण्याने तो जागा होतो, आणि मग साधारण मिनिटाला एकदा, तेही सेकंदाचा एक क्षुल्लक अंश एवढाच वेळ, आपला निरोप पाठवतो. हवा झपाट्याने उतरू लागली तर मात्र मिनिटाची वाट न पाहता तो लगेच ओरडतो.

एवढी काटकसर करूनही बॅटरीला अंत आहेच. व्यवहारात ती पाच ते दहा वर्षे टिकते. रोज दिवसभर धावणाऱ्या भाड्याच्या गाडीत ती लवकर संपते, कारण तेथे बोलणे जास्त होते. आठवड्यातून एकदा तालुक्याला जाणाऱ्या गाडीत ती उशिरा संपते. पण गाडी नुसती उभी ठेवली म्हणून बॅटरी तरुण राहते असे नाही. झोपेतही ती थोडी खर्च होते आणि वयाने आपोआप झिजते. उन्हाळ्यात तापलेले रस्ते आणि ब्रेकची धग तिला लवकर म्हातारी करतात.

बॅटरी संपत आली हे ओळखायचे कसे? पहिली खूण बहुधा थंडीत दिसते. नाशिक-निफाडकडच्या डिसेंबरातल्या पहाटे गाडी काढली की एका चाकाचा आकडा येत नाही, त्याच्या जागी रेघा दिसतात. आणि चाके जराशी तापली की तो पुन्हा येतो. थंडीत म्हाताऱ्या बॅटरीचा जोर कमी पडतो, एवढेच त्याचे कारण. पुढे तो आकडा कायमचाच नाहीसा होतो. अशा वेळी बऱ्याच गाड्यांत तोच पिवळा दिवा गाडी सुरू करताच मिनिट-दीड मिनिट लुकलुकतो आणि मग स्थिर जळत राहतो. दिवा सरळच लागला तर हवा कमी आहे. आधी लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रच बिघडले आहे. हा फरक लक्षात ठेवला म्हणजे हवा भरून भरून दिवा विझवण्याचा निष्फळ खटाटोप वाचतो.

मग नुसती बॅटरीच का बदलू नये, असे कोणीही विचारील. घड्याळाची बदलतो तशी हिची बदलता येत नाही, कारण ती सेन्सरमध्ये जोडून वरून घट्ट लाख ओतावी तशी बंद केलेली असते. यात कारखानदाराचा लोभ मुळीच नसेल असे मी म्हणत नाही, पण खरे कारण वेगळे आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला, १५ इंची रिमच्या कडेशी असलेल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे दीडशेपट ओढ बसते. ३० ग्रॅमचा सेन्सर त्या वेळी साडेचार किलोच्या धोंड्यासारखा बाहेर ओढला जात असतो. झाकण आणि स्प्रिंग यांच्या भरवशावर बसवलेली बॅटरी तेथे टिकणार नाही. तेव्हा बॅटरी संपली म्हणजे सेन्सर नवा घ्यायचा, आणि त्याचा क्रमांक गाडीच्या यंत्राला ओळखवून द्यायचा. चारही सेन्सर एकाच दिवशी कारखान्यातून निघालेले असतात. म्हणून एक गेला की बाकीचे तिघे फार मागे नसतात. सात-आठ वर्षांच्या गाडीला नवे टायर घालताना सेन्सरही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे, कारण टायर उतरवण्याची मजुरी दोनदा पडत नाही.

व्हॉल्व्हवर टोपणासारखे बाहेरून बसवायचे सेन्सरही बाजारात मिळतात. त्यांची बॅटरी आपली आपल्याला बदलता येते. पण ते उघड्यावर असतात, धोंड्याला घासतात, आणि रबरी व्हॉल्व्हवर त्यांचा भार पडतो, एवढे सांगून पुढे जातो.

दुसऱ्या जातीच्या यंत्रात बॅटरीचा प्रश्नच येत नाही, कारण चाकाच्या आत काहीच नसते. जोराने ब्रेक दाबला असता चाके घसरू नयेत म्हणून जी योजना गाडीत असते, तिला एबीएस म्हणतात. त्या योजनेसाठी प्रत्येक चाकापाशी फेऱ्या मोजणारा एक मापक आधीच बसवलेला असतो. चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते आणि प्रत्येक दाता समोरून गेला की मापक एक ठोका देतो. कड्याला ४८ दाते असले तर एका फेरीला ४८ ठोके. अप्रत्यक्ष पद्धत हेच ठोके उसने घेते.

ठोक्यांवरून हवा कशी कळते, ते शिक्षकांना वर्गात दाखवता येईल. एक सायकल घ्यावी. मागच्या चाकाला खडूची खूण करावी. हवा घट्ट भरून एका मुलाला सीटवर बसवावे आणि चाकाच्या बरोबर दहा फेऱ्या होईपर्यंत सायकल सरळ ढकलत न्यावी. गेलेले अंतर फितीने मोजावे. मग निम्मी हवा सोडून, त्याच मुलाला बसवून, पुन्हा दहा फेऱ्या न्यावी. दुसऱ्या वेळी अंतर काही सेंटिमीटर कमी भरेल. हवा कमी झाली की आस जमिनीकडे थोडा खाली येतो आणि चाक जणू लहान होते. आणि लहान चाकाला तेच अंतर काटण्यासाठी जास्त फिरावे लागते. मोटारीतले यंत्र हेच उलटे वाचते. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त फिरू लागले की ते म्हणते, याची हवा गेली असावी.

मोटारीत हा फरक फार बारीक असतो. पोलादी पट्टा घेराला फारसा आकसू देत नाही. पाव हिस्सा हवा गेली तरी फेऱ्यांत फरक पडतो तो अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर. आता दोन गाड्यांचे टायर, किंवा एकाच गाडीचे चार टायर, इतके सारखे कधीच नसतात. एक थोडा अधिक झिजलेला, एकावर भार जास्त, एक निराळ्या कारखान्याचा. म्हणून या यंत्राला जन्मतः असे काही ज्ञान नसते की अमुक फेऱ्या म्हणजे ३३ पौंड. त्याला कोणीतरी सांगावे लागते की, बाबा रे, आत्ता जे आहे ते बरोबर आहे, हे लक्षात ठेव. हे सांगणे म्हणजेच त्याला नव्याने शिकवणे. त्यासाठी गाडीत SET असे लिहिलेले बटण असते, किंवा पडद्यावरच्या यादीत तशी सोय असते. यंत्र या सूचनेवर निमूटपणे विश्वास ठेवते. आपण सांगितले ते खरे की खोटे हे तपासण्याचे साधन त्याच्यापाशी नाही.

याचा परिणाम काय होतो तो एका उदाहरणाने पाहू. सिन्नरच्या एका गुरुजींची गाडी आहे असे समजा. टायर १९५/६५ आर १५ या मापाचे, ४०,००० किलोमीटर चाललेले. असा नवा टायर किलोमीटरला सुमारे ५१७ फेऱ्या घेतो. झिजलेल्या टायरची धाव पातळ झालेली असते, त्याचा घेर एक टक्क्याने कमी झाला असे धरू. म्हणजे तो ५२२ फेऱ्या घेईल. गाडीचे यंत्र गेल्या वर्षभरात याच ५२२ शी परिचित झालेले आहे.

वाटेत पुढचे डावे चाक पंक्चर झाले. गुरुजींनी डिकीतली स्टेपनी काढून लावली. ही स्टेपनी त्याच मापाची, पण गाडी घेतल्यापासून कधी जमिनीला लागलेली नाही. म्हणजे टायर कोरा. ती ५१७ फेऱ्या घेईल. आता यंत्राला दिसते ते असे : तीन चाके ५२२ आणि एक ५१७. यंत्राच्या दृष्टीने या चाकात हवा भरपूर आहे, किंबहुना जास्तच आहे. कदाचित ते उलट इतर चाकांवर संशय घेऊन दिवा लावील. गुरुजी उतरतील, हवा मोजतील, सर्व ठीक आढळेल, आणि या दिव्यात काही अर्थ नाही असे त्यांचे मत होईल. खोट्या ओरडीने माणसाचा विश्वास उडतो, हे एक नुकसान झाले.

दुसरे नुकसान याहून गंभीर आहे. समजा, नव्या चाकाच्या व्हॉल्व्हमधून हवा हळूहळू जाऊ लागली आणि पाव हिस्सा गेली. फेऱ्या वाढतील, पण किती? शेकडा चार दशांश धरले तर ५१७ च्या जागी ५१९. यंत्राच्या आठवणीतला आकडा आहे ५२२. म्हणजे हवा पाव हिस्सा गेल्यावरही हे चाक यंत्राला हळू फिरणारे, म्हणून सशक्तच, दिसते. नव्या धावेची जाडी आणि गेलेली हवा यांनी एकमेकांना झाकून टाकले. दिवा लागत नाही. ज्या प्रसंगासाठी दिवा बसवला, त्याच प्रसंगी तो गप्प राहतो. टायर बदलल्यावर यंत्राला नव्याने शिकवावे लागते, ते या झाकाझाकीमुळे. गाडीच्या पुस्तकात हे एका ओळीत सांगितलेले असते, पण कारण दिलेले नसते, म्हणून ती ओळ कोणी मनावर घेत नाही.

आता गुरुजींना कोणीतरी सांगितले की ते SET बटण दाबा, दिवा जाईल. त्यांनी दाबले आणि दिवा गेला. पण स्टेपनीत हवा किती होती? डिकीत वर्ष-दीड वर्ष पडलेल्या चाकाकडे कोण पाहतो! कोणतेही चाक महिन्याला साधारण पौंडभर हवा आपोआप गमावतेच. ३३ पौंड भरलेली स्टेपनी पाऊण वर्षातच पंचविशीच्या खाली आलेली असू शकते. तशा स्थितीत बटण दाबणे म्हणजे यंत्राला सांगणे की, या चाकात अशीच हवा हवी. यापुढे ते त्या अपुऱ्या हवेलाच निरोगी समजेल, आणि दिवा लागेल तो त्याहूनही पाव हिस्सा खाली गेल्यावर. माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा धोका हाच. बटण न दाबण्यापेक्षा चुकीच्या वेळी दाबलेले बटण वाईट, कारण त्यानंतर फलकावर सर्व काही शांत दिसते.

तेव्हा आधी हवा, मग बटण, हा क्रम कधी उलटा करू नये. हवा चाके थंड असताना भरावी. सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त न चालवता. कारण हवा तापली की दाब वाढतो, साधारण पाच-साडेपाच अंशांना एक पौंड. मे महिन्यात अकोल्याकडच्या दुपारी पन्नास किलोमीटर चालून आलेल्या चाकात मापक ३३ दाखवील, पण तेच चाक रात्री थंड झाल्यावर २८-२९ वर येईल. किती हवा हवी तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. टायरच्या भिंतीवर जो मोठा आकडा कोरलेला असतो ती त्या टायरची कमाल मर्यादा. तो भरण्याचा आकडा नव्हे. चार माणसे आणि सामान असेल तर पट्टीवर मागच्या चाकांसाठी निराळा, अधिक आकडा असतो, तोही पाहावा. चारही चाके अशी भरली की गाडी उभी ठेवून, चावी फिरवून, बटण काही सेकंद दाबून धरावे. दिवा लुकलुकतो किंवा पडद्यावर तसा मजकूर येतो.

येथे काम संपले असे बहुतेकांना वाटते. पण बटण दाबल्याने यंत्र शिकत नाही, ते शिकायला बसते. त्यानंतर गाडी निरनिराळ्या वेगांनी चालवावी लागते, कारण ताशी ४० ला चाक जसे फिरते तसेच ते ८० ला फिरत नाही. वेगाने धाव थोडी ताणली जाते. सरळ रस्त्यावर वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालवल्यावर त्याचा धडा पुरा होतो. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरतेच, म्हणून घाटातला प्रवास त्याच्या फारसा उपयोगी पडत नाही. तेवढ्या काळात हवा गेली तर ते सांगू शकेलच असे नाही. आणि हे शिकवणे फक्त नव्या टायरलाच नव्हे, तर चाकांची अदलाबदल केल्यावर, हवेचा दाब मुद्दाम बदलल्यावर, आणि स्टेपनी काढून मूळ चाक परत लावल्यावरही पुन्हा करावे लागते.

फेऱ्यांची नुसती तुलना करण्यात आणखी एक मोठी उणीव आहे, आणि तिच्यावरून अमेरिकेत कोर्टकचेरी झाली. तेथे २००० साली टायर फाटून झालेल्या अपघातांनंतर लाखो टायर परत घेण्यात आले आणि त्याच वर्षी कायदा झाला की नव्या गाड्यांत हवेची सूचना देणारे यंत्र हवे. २००२ साली सरकारी खात्याने जो नियम काढला त्यात कारखानदारांना सवड ठेवली होती : एका चाकाची हवा ३० टक्के गेल्यावर कळले तरी पुरे. ही सवड त्या काळच्या अप्रत्यक्ष यंत्रांना सोयीची होती. ती यंत्रे एका चाकाची तुलना दुसऱ्याशी करीत. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर तुलनेत काहीच फरक दिसत नाही; आणि हवा महिनोन्महिने न भरलेल्या गाडीत नेमके तेच होते. पब्लिक सिटिझन या संस्थेने नियमाला आव्हान दिले आणि २००३ साली तेथील अपील न्यायालयाने तो रद्द केला. २००५ साली नवा नियम आला : एक ते चार कोणत्याही चाकांत हवा सांगितल्यापेक्षा २५ टक्के कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे.

अप्रत्यक्ष पद्धत त्यामुळे मेली नाही, ती सुधारली. टायर म्हणजे एक स्प्रिंगच आहे. रस्त्याच्या खडबडीने तो सेकंदाला साधारण चाळीस-पन्नास वेळा थरथरतो, आणि तबल्याची शाई जशी ताणावर बोलते तसा हा थरथराट हवेच्या दाबावर अवलंबून असतो. हवा कमी झाली की त्याचा सूर उतरतो. फेऱ्यांच्या ठोक्यांतच हा सूर बारकाईने ऐकण्याची युक्ती स्वीडनमधील लिंशोपिंगच्या निरा डायनॅमिक्स या कंपनीने आणि इतरांनी विकसित केली. हा सूर प्रत्येक चाकाचा स्वतःचा असल्याने चारही चाके एकदम उतरली तरी ओळखता येते. पण सूरसुद्धा कोणत्या टायरचा, हे आधी शिकवावेच लागते. कडक भिंतीच्या टायरचा सूर मूळचाच चढा असतो. म्हणजे यंत्र कितीही सुधारले तरी टायर बदलला की जुनी आठवण पुसणे आले.

मग आपल्या गाडीत कोणती जात आहे? पडद्यावर प्रत्येक चाकाच्या हवेचा आकडा दिसत असेल तर ती प्रत्यक्ष. आकडा कोठेच नाही, फक्त दिवा आणि SET सारखे बटण आहे, तर ती बहुधा अप्रत्यक्ष. हे ठाऊक असणे आपल्याकडे आणखी एका कारणाने अगत्याचे आहे. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. हवेची सूचना देणारे यंत्र, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर दुरुस्तीचा संच गाडीत असेल तर लहान प्रवासी गाडीला स्टेपनी न देण्याची मुभा कारखानदाराला मिळाली. अशा गाडीत पिवळा दिवा हा नुसता सोबती राहत नाही, त्याच्यावरच भिस्त असते.

प्रत्यक्ष पद्धतीच्या गाडीचे पंक्चर काढताना पंक्चरवाल्याला आत सेन्सर आहे हे आधी सांगावे. टायर उचकटण्याची लोखंडी पट्टी व्हॉल्व्हपाशी घातली तर सेन्सर फुटतो. ती व्हॉल्व्हच्या दूरच्या बाजूने घालावी. पंक्चर बुजवण्याचे चिकट द्रव चाकात ओतायचे झाले तर ते सेन्सरला चालते का हे डब्यावर पाहावे, कारण ते त्याच्या बारीक छिद्रात बसून त्याला बहिरे करू शकते. आणि जात कोणतीही असो, ३३ पौंडांच्या चाकात २५ टक्क्यांचा इशारा मिळतो तो पावणेपंचवीस पौंडांवर. त्या आधीच्या आठ पौंडांत अप्रत्यक्ष पद्धतीचा दिवा काहीच बोलत नाही. तेवढा भाग पेट्रोल पंपावरच्या किंवा आपल्या जवळच्या साध्या मापकानेच, महिन्यातून एकदा, स्टेपनीसकट पाच चाकांचा, पाहावा लागतो.